आईबाबांची महिन्याची औषधं, चेकअप आणि ७० वर्षांवरचं वय वंदना कार्ड: मुलांच्या शिक्षणाच्या पैशाला हात न लावता कसं बसवायचं

ठाणे-नवी मुंबईत आपल्यासारख्या बऱ्याच घरांमध्ये एकाच पगारातून दोन टोकांचे खर्च चाललेले असतात, एकीकडे मुलांच्या अकरावी-बारावीची नाहीतर इंजिनियरिंगची तयारी आणि दुसरीकडे सासूसासरे किंवा आईबाबांची रोजची औषधं. शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडायची वेळ येते ती बहुतेक वेळा गोळ्यांमुळे नाही, अचानक ॲडमिट करावं लागतं तेव्हा येते. पण गोळ्या आणि टेस्टचा खर्च दर महिन्याला थोडा थोडा खात राहतो त्यामुळे बाजूला काही उरतच नाही, आणि मग ॲडमिट करायच्या दिवशी हाताशी असते ती फक्त ती एफडी. म्हणून हे दोन खर्च आधी वेगळे काढा. ॲडमिट होण्याचा खर्च सरकारी योजनेवर टाकायचा आणि गोळ्या-टेस्टचा खर्च महिन्याच्या पगारातून ठरवून काढायचा. दोन्ही कसं करायचं ते सांगते.

आधी आयुष्मान वय वंदना कार्ड. आधार कार्डानुसार वय ७० किंवा जास्त असलेल्या प्रत्येकाला हे मिळतं, उत्पन्नाची अट नाही, पेन्शन असो, स्वतःचा फ्लॅट असो, मुलगा आयटीत असो, काही फरक पडत नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंत कॅशलेस उपचार. घरात ७० वरचे दोघं असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून. आधीपासून असलेला डायबिटीस, बीपी, हार्टचा त्रास पहिल्या दिवसापासून धरला जातो, थांबण्याचा काळ नाही, आणि ज्यांना या वयात खाजगी मेडिक्लेम मिळणंच अवघड झालंय किंवा प्रीमियम परवडत नाही त्यांच्यासाठी हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. खाजगी मेडिक्लेम किंवा ईएसआयसी असलं तरी हे कार्ड काढता येतं. फक्त सीजीएचएस, ईसीएचएससारखी केंद्राची योजना घेत असाल तर ती किंवा हे, दोन्हीतलं एक निवडावं लागतं.

कागदपत्रं म्हणाल तर आधार कार्ड आणि मोबाईल, बस. beneficiary.nha.gov.in वर किंवा आयुष्मान ॲपवर मोबाईल नंबर टाकून ओटीपीने लॉगिन करायचं, ७० वरच्यांच्या नोंदणीचा पर्याय निवडायचा, राज्य आणि आधार नंबर टाकायचा, ई-केवायसी करायची, मग तिथेच लाइव्ह फोटो काढायचा, पिनकोड आणि घरच्यांची माहिती भरायची आणि सबमिट. मंजूर झालं की कार्ड डाउनलोड होतं. पैसे लागत नाहीत, त्यामुळे कोणी एजंट फी मागितली तर सरळ निघून या.

अडकतं कुठे तर आधारला जोडलेला नंबर जुना असतो. बाबांचं जुनं सिम कधीच बंद झालेलं असतं आणि ओटीपी त्याच नंबरवर जातो. तेव्हा एकतर आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या नाहीतर ओटीपीऐवजी बोटाचा ठसा, डोळा किंवा चेहरा वापरून केवायसी करा. वयामुळे बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन पुन्हा पुन्हा नकार देतं, अशा वेळी चेहऱ्याचा पर्याय मागायचा, कार्ड काढून देणारा ऑपरेटर स्वतःहून सांगेलच असं नाही. जन्मतारीख चुकीची असेल तर ती आधी आधारमध्ये दुरुस्त करायला लागते, कारण शाळेचा दाखला ७३ वय दाखवत असेल आणि आधार ६८, तर इथे ६८च धरलं जातं.

आता या कार्डात काय नाही ते नीट समजून घ्या, कारण बजेट इथेच चुकतं. हे कार्ड भरती होऊन घेतलेल्या उपचारांचं आहे. भरती होण्याआधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस औषधं-तपासण्या त्यात येतात, त्यानंतरची रोजची शुगरची गोळी, दर तीन महिन्यांची एचबीएवनसी म्हणजे सरासरी शुगरची टेस्ट, डॉक्टरची फी हे सगळं तुमच्या खिशातून. आणि उपचार फक्त योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलमध्ये. यादी hospitals.pmjay.gov.in वर आहे, पण यादीत नाव आहे एवढ्यावर खूश होऊ नका, हॉस्पिटल कधीकधी ठराविक विभागांसाठीच यादीत असतं, म्हणजे डोळ्यांसाठी असेल आणि हार्टसाठी नसेल. म्हणून तब्येत बरी असतानाच घराजवळच्या दोन हॉस्पिटलमध्ये जाऊन आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनीसाच्या डेस्कवर विचारा, की बाबांना हार्टचा त्रास आहे, त्यासाठी इथे कार्ड चालेल का. काही अडचण आली तर हेल्पलाइन १४५५५.

आई ७० च्या खाली असेल तर तिला हे कार्ड मिळत नाही, पण तिच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बघा. महाराष्ट्रात ती आता पांढऱ्या रेशन कार्डवाल्यांनाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाख, रेशन कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. रेशन कार्डावर आईचं नाव आहे ना एवढं आजच बघून ठेवा, गावच्या कार्डावर नाव आणि राहणं ऐरोलीला अशी स्थिती फार घरांत असते. हेल्पलाइन १५५३८८.

आता महिन्याचा खर्च. समजा घणसोलीतलं एक घर आहे, वडील ७३, डायबिटीस, बीपी आणि पूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. आई ६८, थायरॉइड आणि बीपी. आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुमच्या बिलांचे वेगळे असतील, पण मांडायची पद्धत हीच. वडिलांच्या गोळ्या महिन्याला ३,४०० आणि आईच्या ९००, म्हणजे वर्षाला ५१,६००. टेस्ट आणि फी मात्र महिन्यावर मांडायची नाही, ती वर्षावर मांडायची, कारण ती कुठल्यातरी एका महिन्यात एकदम येते आणि तोच महिना कोसळतो. वडिलांची एचबीएवनसी वर्षातून ४ वेळा मिळून २,०००, किडनी-कोलेस्टेरॉल-लघवीतलं प्रोटीन वर्षातून एकदा १,५००, इको-ईसीजी २,५००, डायबिटीससाठी डोळ्याचा पडदा तपासणं १,०००, आईची थायरॉइडची टीएसएच टेस्ट दोनदा ७००, फिजिशियनच्या ४ भेटी २,८००, हार्टच्या डॉक्टरच्या २ भेटी २,०००. हे झाले १२,५००. एकूण ६४,१००, म्हणजे महिन्याला साधारण ५,३५०. हा खरा आकडा, आणि बहुतेक घरांत डोक्यात असतो तो नुसता ४,३००, उरलेले हजारभर रुपये कुठून गेले ते कळतच नाही.

हा आकडा कमी करायचा तर जनऔषधी केंद्र, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांचं सरकारी योजनेतलं दुकान. जनऔषधी सुगम ॲपवर जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत दोन्ही दिसतं, पण शोधताना ब्रँडचं नाव टाकू नका, गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरात जे मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम असतं ते टाका. नाव एकच, मिलिग्रॅम एकच, आणि एसआर किंवा ईआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी, असं लिहिलेलं असेल तर तेही तेच, ही तीन जुळली पाहिजेत. साधी मेटफॉर्मिन आणि एसआर मेटफॉर्मिन एक समजून आणली तर शुगर बिघडते. डॉक्टरांना सांगा की प्रिस्क्रिप्शनवर मूळ नावाने लिहून द्या, बहुतेक जण देतात. थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करायची गोळी, फिटची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बदलायची नाही, डॉक्टरांना विचारूनच, आणि बदललीच तर ते सांगतील तेव्हा पुन्हा टेस्ट करून बघायची. आपल्या उदाहरणात वडिलांच्या पाचपैकी तीनच गोळ्या तिथे मिळाल्या आणि त्यांचे १,९०० चे ६०० झाले असं धरू. महिन्याला १,३०० वाचले, वर्षाला १५,६००. नवा वर्षाचा आकडा ४८,५००, महिन्याला ४,०५० च्या आसपास. ठेवा ४,५००, कारण मध्येच डोस वाढतो, एखादी टेस्ट जास्त लागते.

हे ४,५०० पगाराच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या सेव्हिंग्ज अकाउंटला ऑटोमॅटिक जाऊ द्या, आणि मेडिकल-लॅब-डॉक्टर सगळं त्याच अकाउंटच्या यूपीआयने. शिक्षणाची एसआयपी किंवा सुकन्या वेगळ्या अकाउंटमधून जाऊ दे, त्या दोघांची भेटच होता कामा नये. बोनस आला की याच औषधांच्या अकाउंटमध्ये हळूहळू ५० हजार ते १ लाख साठवा, कारण रात्री दोन वाजता जवळचं हॉस्पिटल यादीत नसेल तर डिपॉझिट मागतातच, तेव्हा शिक्षणाची एफडी नाही, हे पैसे पुढे करायचे.

या वेगळ्या अकाउंटचा टॅक्समध्येही उपयोग आहे. आयकराच्या कलम ८०डी मध्ये, एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलम १२६ मध्ये, ६० वरच्या आईवडिलांच्या औषधोपचाराचा खर्च वर्षाला ५०,००० पर्यंत वजा होतो, अट अशी की त्या व्यक्तीच्या आरोग्य विम्यासाठी पैसे भरलेले नसावेत. वय वंदना कार्डासाठी तुम्ही प्रीमियम भरतच नाही. दोघांपैकी एकाचा मेडिक्लेम असेल तर त्याचा प्रीमियम आणि दुसऱ्याचा औषधखर्च मिळून ५०,०००. खर्च रोखीने केला तर धरत नाहीत, फक्त प्रतिबंधात्मक चेकअपचे ५,००० पर्यंत रोख चालतात, तेही त्याच ५०,००० मध्ये. अकाउंट तुमच्या नावाचं हवं. बाबांच्या अकाउंटला पैसे पाठवले आणि त्यांनी बिल भरलं तर खर्च त्यांचा झाला, तुमचा नाही. आणि सासूसासऱ्यांचा खर्च सुनेला किंवा जावयाला धरता येत नाही, तो त्यांच्या स्वतःच्या मुलाने किंवा मुलीनेच भरायला हवा, म्हणून कोणाच्या अकाउंटमधून कोणाचं बिल जाणार ते नवराबायकोने आधीच ठरवा.

हा फायदा फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये आहे. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये ४८,५०० वर सेससकट साधारण १०,००० रुपये वाचतात. पण नव्या रिजीममध्ये पगारदारांना १२.७५ लाखांपर्यंत टॅक्सच लागत नसल्याने तुम्ही त्यात बसत असाल तर ८०डी साठी जुन्यात जाऊन काही हाती लागणार नाही. होम लोनचं व्याज, पीएफ, घरभाडं मोठं असेल तर दोन्हीकडून हिशोब करून मगच ठरवा. जुन्यात राहणार असाल तर ऑफिस साधारण जानेवारीत पुरावे मागतं, मेडिकलचं बिल आईच्या किंवा वडिलांच्या नावाने हवं, नुसती यूपीआयची पावती पुरत नाही, म्हणून काउंटरवर प्रत्येक वेळी नाव सांगून पक्कं बिल घ्यायचं आणि त्याच दिवशी फोटो काढून ठेवायचा, कारण त्या बिलांची शाई दोन-तीन महिन्यांत उडते.