साडेनऊची मिरवणूक : पुण्यातल्या विसर्जनाच्या वेळेची पार्श्वभूमी

पुण्यात अनंत चतुर्दशीला मंडईतल्या टिळक पुतळ्यापाशी मानाचे पाच गणपती जमतात, आरती होते आणि साधारण साडेदहाला मिरवणूक निघते. पुढे बेलबाग चौक, लक्ष्मी रस्ता, अलका चौक. पहिला मान ग्रामदैवताचा, हे एकोणिसाव्या शतकातच ठरले आणि त्यावर आता कुणी वाद घालत नाही. वाद आहे तो घड्याळाचा.

२०२५ मध्ये चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. दुसऱ्या रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी चंद्रग्रहण सुरू होणार होते, म्हणजे वेध दुपारीच लागणार. त्याआधी विसर्जन आटोपावे म्हणून मानाच्या गणपतींनी वेळ तासभर अलीकडे घेत साडेनऊ केली. हा निर्णय होण्याआधी काही मंडळांनी सकाळी सातलाच लक्ष्मी रस्त्यावर येण्याची घोषणा केली होती. त्यांना आडमुठे म्हणणे अन्यायाचे आहे. मानाच्या गणपतींमागे ताटकळत रात्र काढणारी मंडळे हीच असतात.

खरा घोळ सूचनेतल्या ‘मिरवणुकीची वेळ’ या शब्दांत आहे. मांडवातून मूर्ती हलण्याची वेळ, पुतळ्यापाशी पोहोचण्याची, आरतीनंतर निघण्याची आणि बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागण्याची, या चार वेगळ्या वेळा आहेत. सूचनेत बहुधा तिसरी छापतात. मागच्या मंडळाला मात्र चौथी हवी असते, कारण त्याचा नंबर बेलबागेत लागतो. आरती साडेनऊला असली, तरी पुढच्या ढोल-ताशा पथकाने चौकात थांबून वादन केले, तर मागचा रथ तिथेच उभा राहतो आणि त्याच्यामागे रांग वाढते. सूचना पाळली जाते, वेळ मात्र जातेच. नुसती ‘प्रारंभ’ची वेळ बदलून भागत नाही. प्रत्येक गणपतीने बेलबाग चौक कधी ओलांडावा, हेही लिहायला हवे.

तो एक तास किती उपयोगाचा, हे रात्री बारा ठरवतात. वाद्यांना मध्यरात्रीपर्यंतच परवानगी, पुन्हा वादन सकाळी सहानंतर. साडेदहाला निघाल्यास साडेतेरा तास वादन मिळते, साडेनऊला निघाल्यास साडेचौदा. मधले सहा तास अनेक मंडळे वाद्ये झाकून, ट्रॅक्टरवर पाय मुडपून, सहा वाजण्याची वाट पाहत बसतात. मिरवणूक दुसऱ्या दिवसात जाते ती मुख्यतः याच थांब्यामुळे. २०२३ मध्ये रोषणाईच्या एका मोठ्या मंडळाने मध्यरात्रीची परंपरा सोडून दुपारी चारला निघायचे ठरवले आणि त्याच रात्री विसर्जन झाले. २०२५ मध्ये मात्र तासभर आधी निघूनही मिरवणूक वेध लागून गेल्यावरही चालूच होती.