फेज अँगल: पेशीच्या पटलापासून स्नायूच्या क्वालिटीपर्यंत हा आकडा पोचला कसा

बॉडी कॉम्पोझिशनच्या मशीनचा रिपोर्ट पाहिलात तर हल्ली त्यात फेज अँगल नावाचा एक आकडा असतो, 5.8 अंश, 6.4 अंश असा काहीतरी, आणि शेजारी बऱ्याचदा 'पेशींचं आरोग्य' असं छापलेलं असतं. फॅट टक्के, मसल किलो हे बाकीचे आकडे सगळ्यांना कळतात, हा मात्र कुणालाच नीट समजावता येत नाही, अगदी मशीन विकणाऱ्यालाही. गंमत अशी की त्या सगळ्या रिपोर्टमध्ये खरं तर हाच सर्वात जुना आणि सर्वात कमी गृहीतकांवर उभा असलेला आकडा आहे.

मोजमाप साधं आहे. हातापायाला इलेक्ट्रोड लावून एक अगदी बारीक अल्टरनेटिंग करंट सोडतात, शरीरातलं खारट पाणी त्याला जो विरोध करतं तो रेझिस्टन्स, आणि पेशींची पटलं छोट्या छोट्या कपॅसिटरसारखी वागून व्होल्टेजला करंटच्या किंचित मागे रेंगाळायला लावतात त्याचं माप म्हणजे रिॲक्टन्स. दोन्हींच्या गुणोत्तरावरून कोन निघतो:

PhA = arctan(Xc / R) × 180 / π

इथे R म्हणजे रेझिस्टन्स, Xc म्हणजे रिॲक्टन्स, दोन्ही ओहममध्ये. उंची नाही, वजन नाही, अंदाज बांधणारं कुठलं समीकरण नाही. म्हणजे R 500 आणि Xc 60 आला तर कोन 6.8 अंश, एवढंच.

आता मागे जाऊ. 1910 च्या सुमाराला रुडॉल्फ ह्योबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की लाल रक्तपेशींचा गठ्ठा कमी फ्रिक्वेन्सीला करंट जवळजवळ अडवतो पण फ्रिक्वेन्सी खूप वाढवली की चांगलाच वाहू देतो. याचा अर्थ पेशीच्या आत मीठपाणी आहे आणि बाहेर कसलंतरी इन्सुलेटरसारखं आवरण. मग 1925 ला ह्यूगो फ्रिक यानं रक्तपेशींचा कपॅसिटन्स, म्हणजे पटलाची चार्ज साठवायची क्षमता, मोजला, दर चौरस सेंटिमीटरला 0.81 मायक्रोफॅरॅड, आणि हे आवरण तेलकट असेल असं धरून त्याची जाडी काढली, सुमारे 3.3 नॅनोमीटर. तेव्हा पेशीचं पटल कुणी डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं, आणि आजच्या मापांनुसारही पटलाच्या आतल्या तेलकट थराची जाडी तेवढीच भरते. मला तरी हे पूर्ण कथेतलं सगळ्यात भारी वाटतं.

पुढचं काम केनेथ कोल यानं केलं, आणि कोन घसरला म्हणजे पेशींची पटलं कमजोर झाली असं जे आज सर्रास चुकीचं बोललं जातं त्याचं उत्तर इथेच आहे. त्यानं आणि इतरांनी वेगवेगळ्या पेशी तपासल्या, अंडी, रक्तपेशी, चेतातंतू, आणि पटलाचा कपॅसिटन्स जवळपास सगळीकडे चौरस सेंटिमीटरला 1 मायक्रोफॅरॅडच्या आसपासच निघत गेला. 1939 ला कोल आणि कर्टिस यांनी स्क्विडच्या जाड चेतातंतूत संदेश धावत असतानाच मोजमाप केलं तर पटलाची वाहकता प्रचंड वाढलेली दिसली पण कपॅसिटन्स जेमतेम हलला. म्हणजे पटल हा प्रकार विजेच्या दृष्टीनं फारच ठाम आहे, पेशी जिवंत आहे तोवर तो सहजासहजी बदलत नाही. पेशी मेली, पटल गळकं झालं, तर अर्थात करंट सरळ आरपार जातो आणि कोन कोसळतो, पण फेज अँगल 6.5 वरून 5.5 वर आलेल्या चालत्याबोलत्या माणसाच्या सगळ्या पेशींची पटलं 'कमजोर' झाली आहेत हे म्हणणं कोलच्या आकड्यांशी काही जुळत नाही. मुख्य फरक पडतो तो करंटच्या वाटेत एकूण किती पेशी आल्या आणि त्यांच्या बाहेर किती पाणी साचलंय यानं.

माणसावर हा कोन वापरायचा पहिला मोठा प्रयत्न 1930 च्या दशकातला, आणि तो फसला. मेरी ब्रेझियर, ज्या पुढे ईईजीच्या कामासाठी नावाजल्या, त्यांनी थायरॉइड जास्त चालणाऱ्या पेशंटमध्ये इम्पीडन्सचा, म्हणजे R आणि Xc मिळून होणाऱ्या एकूण विरोधाचा, कोन वेगळा येतो असं दाखवून त्याची टेस्टच सुचवली. तेव्हा थायरॉइडसाठी बेसल मेटाबॉलिझम मोजायचे, त्या कटकटीपेक्षा हे किती सोपं! पण त्याच दशकात बार्नेट यानं मोजमापातला मोठा वाटा आतल्या अवयवांचा नसून त्वचेचा आहे हे उकलून दाखवलं. दोनच इलेक्ट्रोड असले की करंट पाठवणारे आणि व्होल्टेज वाचणारे तेच, त्यामुळे मधल्या कातडीचा सगळा कपॅसिटन्स आकड्यात घुसतो, आणि थायरॉइडच्या पेशंटची त्वचा मुळातच उबदार आणि ओलसर असते. टेस्ट मागे पडली.

त्यावरचा उपाय म्हणजे चार इलेक्ट्रोड, दोन करंटसाठी, दोन फक्त व्होल्टेज वाचायला. 1969 ला हॉफर, मेडोर आणि सिम्पसन यांनी हाताच्या मनगटापासून पायाच्या घोट्यापर्यंत अशा चार इलेक्ट्रोडनं मोजून दाखवलं की उंचीचा वर्ग भागिले इम्पीडन्स हा आकडा शरीरातल्या एकूण पाण्याशी छान जुळतो. 1985 ला अमेरिकेत हेन्री लुकास्की आणि सहकाऱ्यांनी 50 किलोहर्ट्झ आणि 800 मायक्रोअँपिअरवर तेच करून चरबीविरहित वजनाचं समीकरण दिलं, आणि तिथून ही मशीन जिम, क्लिनिक, सगळीकडे पसरली. या काळात सगळ्यांचं लक्ष R वर होतं. Xc मशीन मोजत होतं, पण बहुतेकांना त्याचं काय करायचं तेच कळत नव्हतं. 1988 ला बाउमगार्टनर, चुमली आणि रोश यांनी फेज अँगल आणि शरीररचना यांचा संबंध तपासणारा पेपर काढला तो एक अपवाद.

कोन परत आला तो आजारी माणसांमुळे. चरबी आणि मसलची समीकरणं एक गोष्ट गृहीत धरतात, की चरबीविरहित शरीरात सुमारे 73 टक्के पाणी असतं. निरोगी माणसात ते बऱ्यापैकी खरं, पण डायलिसिसवरचा, लिव्हर सिऱ्होसिसचा किंवा सूज आलेला पेशंट असेल तर तिथेच गाडी घसरते, पाणी वाढलं की मशीन त्याला 'मसल वाढला' म्हणतं. कोनाला ते समीकरण लागतच नाही, म्हणून डॉक्टरांनी तो थेट आजाराच्या निकालाशी लावून बघायला सुरुवात केली. 1995 ला ऑट आणि सहकाऱ्यांना एचआयव्हीच्या पेशंटमध्ये कोण किती जगेल याचा अंदाज बांधायला फेज अँगल हाच सगळ्यात कामाचा आकडा दिसला. 2004 ला गुप्ता आणि सहकाऱ्यांनी चौथ्या स्टेजच्या आतड्याच्या कॅन्सरचे 52 पेशंट पाहिले, 5.57 अंशांच्या वर असलेल्यांचं मीडियन आयुष्य 40.4 महिने, खाली असलेल्यांचं 8.6. फरक डोळ्यात भरणारा आहे, पण पेशंट 52 आहेत आणि ती रेषा त्याच डेटातून काढलेली आहे, त्यामुळे 5.57 हा आकडा पाठ करून ठेवू नका.

शिवाय कोन एकटा वाचला की फसवतो. समजा 170 सेंटिमीटर उंचीची दोन माणसं आहेत. एकाचा R 600, Xc 60. दुसऱ्याचा R 400, Xc 40. दोघांचाही कोन 5.7 अंश. पण पहिल्याचा उंची वर्ग भागिले R हा आकडा येतो 48 आणि दुसऱ्याचा 72, म्हणजे पहिला बहुधा बारीक, कमी पाणी आणि कमी मसलचा, आणि दुसऱ्याच्या शरीरात पाणी भरपूर आहे, मग ते मोठ्या शरीराचं असेल किंवा सुजेचं, ते पायावर बोट दाबून बघावं लागेल. दोघांना एकच शेरा देणं म्हणजे आंधळेपणा. इटलीत पादोव्याच्या अँटोनियो पिक्कोली यानं 1994 ला नेमका यावरच उपाय काढला, R आणि Xc दोन्हींना उंचीनं भागून आलेखावर एक बाण काढायचा, बाणाची दिशा म्हणजे कोन आणि लांबी म्हणजे मुख्यतः पाण्याचा हिशेब, बाण आखूड तितकं पाणी जास्त. वरच्या दोघांचे बाण एकाच दिशेला पण एक लांब एक आखूड, लगेच वेगळे दिसतात. इतकी साधी गोष्ट रिपोर्टमध्ये का छापत नाहीत हे मला कोडं आहे.

स्नायूंचा विषय यात आला तो शरीराच्या भूमितीमुळे. हातापायातून करंट अरुंद वाटेनं जातो, धड रुंद असतं, त्यामुळे वजनाचा जवळपास अर्धा भाग असूनही धड एकूण विरोधात साधारण दहाव्या हिश्शाएवढंच दिसतं. म्हणजे मनगट ते घोटा मोजलेला कोन हा मुख्यतः हातापायांच्या स्नायूंचाच कोन आहे, 'सगळ्या शरीराच्या पेशी' वगैरे नाही, लिव्हर किडनी तर त्यात नावालाच. आणि वय वाढताना स्नायूत काय होतं, तंतू बारीक होतात, काही नाहीसे होतात, मधल्या जागेत पाणी, चरबी आणि तंतुमय ऊती येतात. मांडीचा घेर तेवढाच राहिला तरी वाटेतली पटलं कमी आणि बाहेरचं पाणी प्रमाणात जास्त, की कोन खाली. म्हणून तो ताकदीबद्दल नुसत्या आकारापेक्षा वेगळी अशी काही माहिती देतो. 2005 ला बार्बोसा सिल्वा आणि सहकाऱ्यांनी 1967 निरोगी प्रौढांचे संदर्भ आकडे दिले, पुढच्याच वर्षी बोझी वेस्टफाल यांच्या गटानं दोन लाखांहून जास्त जर्मन प्रौढांचे दिले, दोन्हीत पुरुषांचा कोन बायकांपेक्षा जास्त आणि वयाबरोबर उतरता, पण नेमके आकडे काही जुळत नाहीत. 2019 ला सार्कोपेनिया, म्हणजे वयाबरोबर स्नायू आणि ताकद घटणं, यावरच्या युरोपियन गटाच्या सुधारित निवेदनात स्नायूची क्वालिटी तपासायच्या मार्गांमध्ये फेज अँगलचा उल्लेख आला, पण निदानासाठीच्या कटऑफमध्ये त्याला जागा मिळाली नाही.

आकडे न जुळण्याचं एक कारण मशीनच. झोपून चार चिकट इलेक्ट्रोडवर घेतलेला कोन आणि उभं राहून धातूच्या पट्ट्या धरून घेतलेला कोन एकमेकांशी लावता येत नाहीत, झोपल्यावर पायातलं पाणी हळूहळू वर सरकतं, उन्हातून किंवा व्यायामातून आल्या आल्या मोजलं तर त्वचेतलं रक्त बदललेलं असतं. तपासणीतही एक खाच आहे. बऱ्याच मशीनबरोबर 500 ओहमचा चाचणी रेझिस्टर येतो, तो लावला की R 500 आणि Xc शून्य दिसतो आणि सगळे खूश होतात, पण त्यातून Xc ची पट्टी बरोबर आहे की नाही हे कळतच नाही कारण रेझिस्टरला मुळात रिॲक्टन्स नसतो. Xc एवढासा आकडा, 50 च्या जागी 55 दाखवला तर R 500 ला कोन 5.7 वरून 6.3 होतो, म्हणजे कित्येक महिन्यांच्या व्यायामातून मिळावा एवढा बदल निव्वळ बिघाडातून. ते पकडायचं तर रेझिस्टर आणि कपॅसिटर दोन्ही असलेलं, ज्याचा कोन आधीच माहीत आहे असं सर्किट लावून बघावं लागतं.