मैत्रीतलं कौतुक की सूचक कौतुक? उत्तर कसं ठरवायचं

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत अक्षता सोहळ्याच्या दिवशी रस्त्यावर जिकडेतिकडे पांढरी बाराबंदी दिसते. समजा एका कॉलेजच्या पोरानं त्या दिवशीचा बाराबंदीतला फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला टाकला. रात्री पावणेअकराला वर्गातल्या एका मुलीचा मेसेज येतो: ‘बाराबंदी लई शोभते की तुला! ओळखूच आला नाहीस.’ या मुलीवर त्याचा क्रश आहे. आता हे मैत्रीतलं कौतुक की सूचक कौतुक? आणि उत्तर ‘थँक्यू’वर थांबवायचं की थोडं पुढं जायचं?

हा मेसेज दहा वेळा वाचून काही हाती लागत नाही, कारण दोन्ही अर्थ त्याच शब्दांत बसतात. सूचक कौतुक मुद्दामच असं केलेलं असतं. समोरच्यानं धरलं तर ठीक, नाही धरलं तर ‘अरे, सहज म्हटलं’ म्हणून मोकळं होता यावं, एवढी जागा त्यात ठेवलेली असते. मैत्रीतल्या कौतुकाला अशी जागा ठेवावी लागत नाही, पण वाक्य नेमकं तेच असू शकतं. त्यामुळं शोध घ्यायचा तो वाक्याच्या आजूबाजूला.

पहिलं बघायचं ते तिचं नेहमीचं बोलणं. काही माणसं सगळ्यांचंच तोंड भरून कौतुक करतात. वर्गाच्या ग्रुपवर त्या दिवशी आणखी चार जणांनी बाराबंदीतले फोटो टाकले असतील, तर त्याखाली तिनं काय लिहिलं? तिथंही ‘शोभते’, ‘एक नंबर’ असेल, तर तुमच्या वाट्याला आलेलं वाक्य हा तिचा स्वभाव आहे. ग्रुपवर ती गप्प होती आणि तुम्हाला मात्र वेगळा मेसेज केला, तर त्याला थोडं वजन आहे. शब्दांचं वजनही इथल्याच काट्यावर मोजायचं. सोलापुरात शेंगाचटणी लई भारी असते, गाडीचा हॉर्न लई भारी असतो आणि मास्तरांनी केलेला पाणउतारासुद्धा लई भारी असतो. ‘भारी दिसतोयस’मधल्या ‘भारी’वर त्यामुळं काहीच उभं करू नये.

दुसरं, कौतुक कशाचं केलंय. मैत्रीतलं कौतुक बहुतेक वेळा वस्तूचं किंवा कामाचं असतं: शर्ट, प्रेझेंटेशन, केलेली मदत. त्याला ‘थँक्यू’ म्हटलं की ते पुरं होतं. सूचक कौतुक वस्तूपासून सुरू झालं तरी माणसापाशी येऊन थांबतं, आणि ‘थँक्यू’ म्हटल्यावरही काहीतरी लोंबकळत राहतं. वरच्या मेसेजात पहिलं वाक्य बाराबंदीचं आहे. दुसरं, ‘ओळखूच आला नाहीस’, तुमच्याबद्दल आहे, आणि ते एका ‘थँक्यू’नं मिटत नाही. म्हणजे हा मेसेज अर्धा इकडं, अर्धा तिकडं. त्याऐवजी ‘बाराबंदीवर ती निळी सॅक कशाला अडकवली होतीस?’ असं आलं असतं तर? त्यात गोड शब्द एकही नाही, पण फोटो बारकाईनं पाहिल्याची खूण आहे आणि चिडवून बोलायला लावायचा डावही. नुसत्या ‘मस्त’पेक्षा असं वाक्य जास्त बोलकं.

ज्या गोष्टी लोक हमखास मोजतात, त्या मात्र फसव्या निघतात. रात्री पावणेअकराला मेसेज आला म्हणून हुरळू नये. जेवणं उरकून स्टेटस चाळायची वेळच ती. बदामाची इमोजी काही जणी आईपासून ट्यूशनच्या मॅडमपर्यंत सगळ्यांना पाठवतात. पटकन उत्तर येणं म्हणजे फोन हातात होता, एवढंच. याउलट कुंपण घालणाऱ्या खुणा स्पष्ट असतात आणि नेमक्या त्याच दुर्लक्षिल्या जातात. वाक्यात ‘दादा’ किंवा ‘भावा’ असेल, किंवा बोलता बोलता ‘आमच्या ह्याला पण अशीच घ्यायची आहे’ असं आलं असेल, तर तिथं खल करायचं कारण नाही. उत्तर साधंच.

वाचणारा मुलगा असेल तर स्वतःच्या अंदाजातून एक पायरी वजा करावी. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ अँटोनिया ॲबी यांनी १९८२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी मुलगा-मुलगी पाच मिनिटं गप्पा मारत आणि दुसरी एक जोडी लपून ते बघत असे. मुलीच्या साध्या मोकळेपणात मुलांना मुलींपेक्षा जास्त लगट दिसली. बोलणाऱ्या मुलांना तर दिसलीच, नुसतं बघणाऱ्यांनाही दिसली. म्हणजे ‘मित्रांना विचारलं, सगळे हेच म्हणाले’ हा पुरावा नव्हे. मित्रही मुलगेच असतील, तर सगळ्यांचा चष्मा एकाच नंबरचा.

आता उत्तर. साधं आणि फ्लर्टी यातला फरक गोडव्यात नसतो. साधं उत्तर विषय बाराबंदीवरच ठेवतं. फ्लर्टी उत्तर विषय बाराबंदीवरून उचलून ‘तू आणि मी’वर आणतं. हे लक्षात ठेवलं की आपण काय पाठवतोय ते पाठवण्याआधीच कळतं.

साधं उत्तर असं: ‘थँक्यू! आईनं सकाळी इस्त्री करून दिली म्हणून, नाहीतर नुसता अवतार होता. तू होतीस का संमती कट्ट्यावर?’ यात मान आहे, एक खरी गोष्ट आहे आणि एक प्रश्न आहे. साधं म्हणजे कोरडं नव्हे. तिला बोलायचं असेल तर दार उघडं आहे, नसेल तर ‘हो, लई गर्दी होती’ म्हणून ती सुटू शकते.

पुरतं फ्लर्टी उत्तर असं: ‘ओळखलं नाहीस, तरी बघत मात्र बसलीस ना?’ तिच्याकडून आधीच चारदोन वेळा अशी चिडवाचिडवी झाली असेल, तर हे छान बसतं. पहिल्यांदाच पाठवलं तर ते तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं: बघत होतीस, कबूल कर. ‘तुझ्यासाठीच घातली होती’ हे तर नकोच. यात्रेचा पोशाख तिच्यासाठी घातला नव्हता, हे तिलाही माहीत आहे.

अर्धवट मेसेजला उत्तरही अर्धं पाऊल पुढं टाकणारं हवं. वरच्या उदाहरणात आमची निवड ही: ‘मग उद्यापासून कॉलेजला बाराबंदीतच येतो, तेवढंच कुणीतरी बघेल!’ यातल्या ‘कुणीतरी’त ती आहे, पण तिचं नाव नाही. तिला धरायचं तर धरता येतं, नुसता विनोद म्हणून हसून सोडायचं तर तेही येतं. तिच्या मेसेजात परत फिरायला जेवढी जागा होती, तेवढीच तुम्ही तिला दिली. लांबीही तिच्याएवढीच, दोन छोट्या वाक्यांची. तिच्या एका ओळीला आठ ओळींचं उत्तर गेलं, तर शब्द कितीही साधे असोत, त्याचा अर्थ फ्लर्टीच होतो, आणि तोही घायकुतीचा.

आपल्याकडची जुनी सवय इथं आडवी येते. कुणी चांगलं म्हटलं की आपण लगेच नाकारतो: ‘छे गं, भाड्याची आहे.’ संभाषणाचा अभ्यास करणाऱ्या अनिता पॉमेरांट्झ यांनी १९७८ साली ही अडचण नेमकी मांडली होती. कौतुक मान्य करावं तर स्वतःची टिमकी वाजवल्यासारखं होतं, अमान्य करावं तर समोरच्याला खोटं पाडल्यासारखं. मैत्रीतल्या कौतुकाला ‘छे गं’ चालून जातं. सूचक कौतुकाला मात्र तो नकार वाटतो, कारण धीर करून पुढं केलेली गोष्ट तुम्ही भाड्याची ठरवली. थट्टाच करायची तर आधी ‘थँक्यू’ म्हणून मग करावी.

उलटी चूक म्हणजे कौतुकाची परतफेड वरच्या पायरीवरून करणं. ती बाराबंदीबद्दल बोलली आणि तुम्ही लिहिलंत, ‘तू पण खूप सुंदर आहेस.’ ती कपड्यावर होती, तुम्ही थेट रूपावर पोचलात. परत कौतुक करायचंच असेल तर त्याच पायरीवरून: तिनं संक्रांतीला काढलेल्या रांगोळीचं, तिच्या इरकल साडीचं. आणि तेही खरंच आवडलं असेल तरच.

उत्तर गेल्यावर तिच्या पुढच्या मेसेजात बरंचसं कळतं. ‘ये की, बघू किती हिंमत आहे!’ असं आलं, तर तिनं दोरा उचलला. असं आणखी एकदा, वेगळ्या दिवशी, तिच्याकडून आपणहून झालं की अंदाज बांधायला पुरेसा आधार मिळतो. मग फ्लर्टी वाक्यं वाढवत बसण्यापेक्षा छोटं, ठरावीक काहीतरी विचारावं: ‘शनिवारी संध्याकाळी होम मैदानावर गड्डा यात्रेला जातोय, येतेस का?’ त्यावर ‘आम्ही सगळ्याजणी येतो’ असं उत्तर आलं तर तो नकार समजू नये. सात रस्त्यापासून नवी पेठेपर्यंत कुणाचा ना कुणाचा काका भेटणारच, हे इथल्या मुलीला पक्कं माहीत असतं. बघायचं ते एवढंच, की वेळ आणि दिवस तिनं स्वतः पक्का केला का. ‘बघू, कळवते’ आणि पुढं काहीच नाही, हे मात्र उत्तरच आहे.

हे गणित बरोबरीच्या दोघांसाठी आहे. ऑफिसात ती तुमच्या हाताखाली असेल, किंवा तुम्ही क्लासमध्ये शिकवता आणि ती विद्यार्थिनी असेल, तर तिच्या कौतुकात तुमच्या खुर्चीचा वाटा किती, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. तिथं अर्धं पाऊलसुद्धा नको, फक्त ‘थँक्यू’.

आणि बाराबंदीच्या त्या उत्तरावर नुसत्या हसऱ्या इमोजी आल्या, तर? त्यांना उत्तर द्यायचं नाही. ‘का हसलीस?’ नको, विनोद समजावणं नको, अर्ध्या तासानं ‘झोपलीस का?’ तर मुळीच नको. दुसऱ्या दिवशी वर्गात नेहमीसारखं जर्नल मागावं, सबमिशनची तारीख विचारावी. तुम्ही अवघडला नाहीत हे दिसलं, की रात्रीचं ते वाक्य विनोद म्हणून मागं पडतं आणि पुढच्या स्टेटसवर तिला पुन्हा काही लिहावंसं वाटलं तर ती मोकळेपणानं लिहू शकते.