सिल्व्हानियाचे टीव्ही आणि सिलेक्टिव्ह डिस्ट्रिब्युशनची गोष्ट

माल किती दुकानांतून विकायचा याची इंटेन्सिव्ह, सिलेक्टिव्ह, एक्सक्लुझिव्ह ही वाटणी पाठ सगळ्यांचीच असते, पण तिच्या मुळाशी काय आहे ते बघायचं तर 1923 मधे जावं लागतं. हार्वर्डच्या मेल्विन कोपलँडनी तेव्हा वस्तूंचे तीन गट पाडले, आणि ते वस्तूवरून नाही तर गिऱ्हाईक ती विकत घेताना किती पायपीट करतं यावरून. जवळ मिळेल तिथून उचलतात तो माल सगळीकडे हवा, चार दुकानं फिरून घेतात तो निवडक ठिकाणी चालतो, आणि ज्याच्यासाठी माणूस मुद्दाम लांब जातो त्याला मोजके विक्रेते पुरतात.

आता खरी मजा. 1962 ला अमेरिकेत सिल्व्हानिया कंपनीचा टीव्हीच्या बाजारातला वाटा जेमतेम 1 ते 2 टक्के होता, माल होलसेलरकडून आणि कुठल्याही दुकानातून विकला जायचा. मग कंपनीने होलसेलर काढून टाकले, थोडे रिटेलर निवडले आणि एकच अट घातली की ठरलेल्या जागेवरूनच विकायचं. कारण सरळ आहे, टीव्ही समजावून सांगणं, डेमो देणं, सर्व्हिस बघणं याला दुकानदाराचा खर्च होतो, आणि शेजारचा काहीच न करता दोन पैसे कमी घेऊन विकायला लागला की पहिला कशाला खर्च करेल? 1965 पर्यंत वाटा साधारण 5 टक्क्यांवर गेला (सगळं श्रेय विक्रीच्या चॅनेललाच द्यायचं का, हा प्रश्न आहेच).

पण एका भागात किती डीलर नेमायचे हे कंपनीने स्वतःच्या हातात ठेवलं होतं, म्हणजे भागाचा हक्क कुणा एकालाच दिलेला नव्हता, हे सिलेक्टिव्ह होतं, एक्सक्लुझिव्ह नाही, आणि विद्यार्थी नेमके इथेच घोळ घालतात. सॅन फ्रान्सिस्कोत कॉन्टिनेंटल नावाचा चांगला विकणारा डीलर होता, त्याच्यापासून मैलभरावर कंपनीने दुसरा डीलर नेमला. तो चिडला, मोठी ऑर्डर रद्द केली, सॅक्रामेंटोला दुकान काढतो म्हणाला, कंपनी नाही म्हणाली कारण तिथे आधीचे डीलर पुरेसे होते, तरी याने माल तिकडे नेलाच. त्याच सुमाराला त्याची उधारीची मर्यादा 3 लाख डॉलरवरून 50 हजारांवर आली आणि प्रकरण कोर्टात गेलं. ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर माल दिसायला लागणं ही सिलेक्टिव्ह चॅनेल फाटल्याची पहिली खूण, आणि बहुतेक वेळा तो माल आपल्याच नाराज डीलरचा असतो.

श्विन सायकल कंपनीच्या खटल्यातल्या 1967 च्या निकालानुसार, एकदा माल विकला की डीलरवर अशी बंधनं घालणं थेट बेकायदेशीर होतं, त्यामुळे ज्युरीने कॉन्टिनेंटलच्या बाजूने कौल दिला. 1977 ला याच प्रकरणात सुप्रीम कोर्टाने श्विनचा तो नियमच रद्द केला आणि सिल्व्हानियाच्या बाजूने निकाल दिला. एकाच ब्रँडच्या डीलरांमधली स्पर्धा कमी झाली तरी वेगवेगळ्या ब्रँडमधली वाढू शकते, म्हणून प्रत्येक केस तपासून ठरवा, असं म्हटलं. छोट्या कंपनीला यात जागा मिळाली, पण ज्याच्या हातात आधीच अर्धा बाजार आहे त्याला तीच अट तितकी सहज पचणार नाही.