परवाना-पडताळणी (अन्न व औषध व्यवसाय)

माल विकत घेण्यापूर्वी किंवा दुसऱ्याकडून तयार करून घेण्यापूर्वी त्या आस्थापनाकडे कायद्याने आवश्यक असलेला परवाना आहे का, तो चालू आहे का आणि प्रस्तुत व्यवहाराला लागू पडतो का, हे तपासण्याची पद्धत. येथे भारतातील अन्न परवान्याचा मुख्यत्वे विचार केला असून औषधनिर्मितीचा उल्लेख तुलनेपुरता आहे.

या पद्धतीचे मूळ दोन ठिकाणी दाखवता येते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील परवाना व नोंदणी विनियम २०११ मध्ये आले. परवान्याच्या अटींनुसार उत्पादक, आयातदार व वितरक यांनी परवानाधारक किंवा नोंदणीकृत व्यक्तींशीच खरेदी-विक्री करावी आणि तिची नोंद ठेवावी. पडताळणी या अटीतून आली, असे मानणे सोपे आहे. मात्र त्याआधीच्या अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम, १९५४ मधील कलम १९ नुसार, भेसळीचा खटला उभा राहिल्यास विक्रेत्याला बचावासाठी माल परवानाधारक उत्पादकाकडून किंवा व्यापाऱ्याकडून, अथवा परवाना आवश्यक नसेल तेथे लेखी हमीसह घेतल्याचे दाखवावे लागे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम १९ मध्येही असाच बचाव आहे. त्यामुळे परवाना विचारण्याची सवय विक्रेत्याच्या स्वतःच्या बचावातून रुजली आणि २०११ मध्ये तिला बंधनकारक रूप मिळाले, ही मांडणी अधिक ग्राह्य वाटते.

अन्न परवान्याचा क्रमांक चौदा अंकी असतो. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचा संकेतांक १५, केंद्रीय परवान्यात तेथे ०० असते), त्यापुढचे दोन क्रमांक दिल्याच्या वर्षाचे. उरलेले अंक अधिकाऱ्याचा संकेत व अनुक्रम दर्शवतात. वर्षाच्या अंकांवरून परवाना आज चालू आहे की नाही हे कळत नाही, आणि नेमकी येथेच अनेकांची गल्लत होते.

उदाहरणार्थ, पुण्यातील एक फरसाण दुकानदार लोणावळ्यातील कारखान्याकडून दरमहा दीड लाख रुपयांची चिक्की घेऊ इच्छितो आणि पाकिटावर २१५ ने सुरू होणारा क्रमांक आहे. म्हणजे ही नोंदणी आहे. २०११ च्या विनियमांत नोंदणीसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख रुपये ठेवली होती. एकट्या या दुकानाची खरेदीच वर्षाला १८ लाखांची होते. त्या मर्यादेप्रमाणे पाहता पुरवठादाराकडे राज्य परवाना हवा होता. क्रमांक ११५ ने सुरू झाला असता, तरी तो foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर शोधून पाहायचा असतो. तेथे दिसणारे नाव, पत्ता, परवान्याची स्थिती आणि व्यवसायाचा प्रकार हे चारही देयकाशी व पाकिटाशी जुळवावेत. पत्ता विशेष महत्त्वाचा, कारण परवाना जागेला असतो. नवा कारखाना दुसऱ्या गावी सुरू केला की त्याला वेगळा परवाना लागतो. घाऊक व्यापाराच्या परवान्यावर कोणी स्वतः चिक्की बनवत असेल, तर क्रमांक खरा असूनही तो व्यवहार परवान्याबाहेरचा ठरतो. मुदत संपल्यावर नवा परवाना घ्यावा लागल्यास क्रमांक बदलतो, पण आधीच छापलेली पाकिटे तशीच वापरली जातात. जुना क्रमांक आढळण्याचे हे एक साधे कारण असू शकते. तरीही चालू क्रमांकाचा कागद मागूनच पुढे जावे.

औषधांच्या बाबतीत असा एकच देशव्यापी क्रमांक नसतो. उत्पादन परवाना बहुधा नमुना २५ किंवा २८ मध्ये राज्याच्या प्राधिकाऱ्याकडून दिला जातो आणि त्याचा क्रमांक लेबलवर छापणे आवश्यक असते. परवान्यासोबत मंजूर उत्पादनांची यादी असते. ज्या सिरपचा व्यवहार करायचा ते सिरप त्या यादीत नसेल, तर मुख्य परवान्याचा उपयोग नाही. दुसऱ्याच्या कारखान्यात उत्पादन करणाऱ्याला 'लोन लायसन्स' म्हणजे नमुना २५-अ किंवा २८-अ लागतो. अशा वेळी प्रत्यक्ष कारखाना कोणाचा, हेही विचारावे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर परवाना निलंबित वा रद्द होईपर्यंत टिकतो, मात्र दर पाच वर्षांनी शुल्क भरावे लागते. त्यामुळे परवान्याच्या प्रतीबरोबर शुल्काची पावतीही पाहावी लागते.

परवाना जागा, यंत्रे, तांत्रिक कर्मचारी व परवानगी यांबद्दल सांगतो. हातात आलेल्या बॅचबद्दल नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्या. लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. असे विषारी द्रव्य परवान्याच्या कागदावर दिसत नाही, ते रासायनिक तपासणीतच सापडते. म्हणून द्रवरूप औषधासाठी ग्लिसरीन घेताना पुरवठादाराच्या परवान्याबरोबर त्या बॅचचा विश्लेषण-अहवाल मागितला जातो आणि डायएथिलीन ग्लायकॉलची चाचणी खरेदीदाराने स्वतःही करायची असते.