बोलणीचं बटण आणि इसाराचं बटण

चोपडा तालुक्यात केळीची टिश्यू कल्चर रोपं विकणारी एक नर्सरी आहे. तिची वेबसाइट मी दुरुस्त करायला घेतली, तेव्हा फॉर्ममध्ये नाव, गाव, मोबाइल, रोपांची संख्या आणि लागवडीचा महिना एवढे रकाने होते. खाली एकच हिरवं बटण होतं: ‘नोंदणी करा’.

या दोन शब्दांनी मालकांचा एक अख्खा मृगबागेचा हंगाम विस्कटला होता. प्रयोगशाळेतून आलेलं रोप लगेच शेतात जात नाही. ते शेडनेटमध्ये पिशवीत दीड-दोन महिने कणखर करावं लागतं. जून-जुलैत लागवड हवी असेल तर किती रोपं आणायची हे एप्रिलमध्येच ठरतं. मालकांनी आलेल्या नोंदण्यांची बेरीज केली आणि तेवढी रोपं मागवली. मग जूनमध्ये एकेकाला फोन लावला, तर पलीकडून उत्तर आलं, “भाऊ, मी तं फक्त भाव इचारा व्हता.” दुसरीकडे एक आप्पा न विचारताच टेम्पो घेऊन दारात उभे. त्यांनी नोंदणी केली होती, म्हणजे त्यांच्या लेखी रोपं त्यांची झाली होती. दोघांनी एकच बटण दाबलं होतं आणि दोघांचीही चूक नव्हती.

आपल्याकडे व्यवहारात या दोन गोष्टी कधीच एक नसतात. आधी बोलणी होते. भाव विचारला, माल पाहिला, घासाघीस केली, तरी कुणी बांधला जात नाही. इसार दिला की सौदा झाला. मग माणूस मागे फिरला तर इसार जातो, आणि विकणारा फिरला तर गावभर बोभाटा होतो. वेबसाइटवरचं बटणही या दोन्हींपैकी एकाचंच असतं. बोलणीचं बटण दाबल्यावर फक्त निरोप जातो. इसाराचं बटण दाबल्यावर पैसे जातात, माल राखला जातो किंवा शब्द दिला जातो. दिसायला दोन्ही सारखीच असतात, तोच रंग, तोच आकार. फरक सांगायला फक्त अक्षरं असतात, म्हणून ती अक्षरं मोघम राहून चालत नाहीत.

‘नोंदणी’ हा शब्द तर दोन्हींकडे पाय ठेवून उभा आहे. हमीभावाच्या कापूस खरेदीसाठी नोंदणी केली की रांगेत नंबर लागतो. खरेदीखताची नोंदणी केली की जमिनीची मालकी बदलते. नव्या ॲपवर नोंदणी केली की फक्त खातं उघडतं. वाचणारा यातला कुठला अर्थ घेईल हे त्याच्या आदल्या अनुभवावर अवलंबून असतं, तुमच्या हेतूवर नाही.

‘बुक करा’ त्याहून फसवं आहे, कारण ते स्पष्ट वाटतं. गॅस बुक केला तर पैसे सिलिंडर दारात आल्यावरही देता येतात. रेल्वेचं तिकीट बुक करायचं तर पैसे आधी मोजावे लागतात. मग रोपं बुक केली तर पैसे कधी? हा प्रश्न युरोपात थेट न्यायालयात गेला आहे. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार, जे बटण दाबल्यावर ग्राहक पैसे द्यायला बांधला जातो, त्या बटणावर तसं स्पष्ट लिहावं लागतं. नाहीतर ग्राहक बांधला जात नाही. जर्मनीतल्या एका हॉटेलच्या खटल्यात ग्राहकानं शेवटी ‘बुकिंग पूर्ण करा’ या अर्थाचं बटण दाबलं होतं, पण तो राहायला गेलाच नाही आणि हॉटेलनं रक्कम मागितली. एप्रिल २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं की आजूबाजूच्या पानावर काय लिहिलंय ते धरायचं नाही, फक्त बटणावरचे शब्द बघायचे. ‘बुकिंग’ या शब्दातून सामान्य माणसाला पैसे देणं आपोआप कळतं का, हे ठरवायचं काम तिथल्या न्यायालयावर सोडलं. हा कायदा आपल्याला लागू नाही, पण ही कसोटी मला फार पटते. पान कितीही नीट लिहा, घाईत असलेला माणूस बटणच वाचतो.

नर्सरीच्या पानावर मग दोन बटणं केली. पहिल्यावर लिहिलं ‘भाव विचारा’, आणि त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ: ‘पैसे लागत नाहीत. उद्या संध्याकाळपर्यंत आमचा फोन येईल.’ ही ओळ लिहिण्याआधी मी मालकांना विचारलं, खरंच उद्या संध्याकाळपर्यंत फोन होतो का? रविवारी होत नव्हता. मग शनिवारी आणि रविवारी ‘सोमवारी फोन येईल’ अशी ओळ दिसेल एवढी सोय केली. जे घडणार नाही ते बटणाजवळ लिहिलं, तर मोघम बटण परवडलं म्हणायची वेळ येते.

दुसरं बटण सोपं नव्हतं. एका उदाहरणावर बसून ते ठरवलं. एका एकरात पाच बाय पाच फुटांवर लागवड केली की १७४२ रोपं लागतात. रोपाचा भाव १८ रुपये धरला, तर एकूण ३१,३५६ रुपये होतात. रोपामागे ३ रुपये इसार घेतला, तर आज ५,२२६ रुपये द्यायचे आणि रोपं उचलताना उरलेले २६,१३० रुपये. शेतकऱ्यानं संख्या भरली की आधी ‘हिशोब बघा’ हे बटण येतं. ते अजून बोलणीतलंच आहे, त्यानं फक्त पुढचं पान उघडतं. त्या पानावर हे तीनही आकडे आणि रोपं मिळण्याचा आठवडा दिसतो. त्याच्या खाली शेवटचं बटण: ‘₹५,२२६ इसार भरा’.

मालकांना तिथे ‘रोपं राखून ठेवा’ हवं होतं. ते कानाला गोड लागतं, पण त्यात पैशाचा उल्लेख नाही. ‘₹५,२२६ इसार भरा आणि १७४२ रोपं राखून ठेवा’ हे सगळ्यात पूर्ण, मात्र स्वस्त फोनच्या पडद्यावर त्याच्या तीन ओळी होत होत्या. दोन ओळी चालतात, तीन झाल्या की ते बटण वाटतच नाही. म्हणून जागा कमी असेल तेव्हा मी फायदा वर मजकुरात नेतो आणि बांधून टाकणारी गोष्ट, म्हणजे रक्कम, बटणावर ठेवतो. खाली ओळ आली: ‘तुमचं यूपीआय ॲप उघडेल. पिन टाकेपर्यंत पैसे जात नाहीत.’ यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही. त्यामुळे ही ओळ खरी आहे आणि घाबरणाऱ्याला पाय रोवायला जागा देते.

मधल्या पायऱ्यांवरची बटणं मात्र साधी ठेवली तरी चालतात. ‘पुढे’ एवढंही पुरतं, फक्त त्यानं खरंच पुढचं पान उघडावं, गुपचूप काही पाठवू नये.

मराठीत एक गोची मात्र अशी आहे, की ती भाषांतर करून बटणं लिहिणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. ‘फोन करा’ म्हणजे कुणी कुणाला? मोबाइलवर ते दाबलं आणि डायलर उघडला, तर फोन गिऱ्हाइकानं करायचा. फॉर्मखाली तेच लिहिलं असेल, तर गिऱ्हाईक समजतो की मी यांना फोन करायला सांगतोय, आणि तो दिवसभर वाट बघत बसतो. आज्ञार्थ एकच, बोलणारा मात्र कधी दुकानदार, कधी गिऱ्हाईक. मी नियम केला आहे की अख्ख्या साइटवर दुकानदारच बोलेल. मग डायलर उघडणारं बटण होतं ‘आम्हाला फोन लावा’ आणि फॉर्मखालचं होतं ‘नंबर पाठवा, आम्ही फोन करू’. ‘माझी रोपं बघा’सारखी गिऱ्हाइकाच्या तोंडची वाक्यं मग त्या साइटवर कुठेच येत नाहीत.

‘सबमिट’ इतकं का पसरलं, याचं कारणही साधं आहे. फॉर्मच्या बटणाला नाव दिलं नाही, तर ब्राउझर आपणहून तसं काहीतरी नाव टाकतो. यातली पहिली ओळ म्हणजे नाव न देता सोडलेलं बटण, दुसरी म्हणजे नाव दिलेलं:

```html
<input type="submit">
<button type="submit">भाव विचारा</button>
```

म्हणजे ‘सबमिट’ बहुतेकदा कुणी विचार करून लिहिलेलं नसतं, ते लिहायचं राहून गेलेलं असतं.

बटण दाबल्यानंतरचा क्षणही त्याच वाक्याचा भाग आहे. शेतात रेंज कमी असते. दाबलं, काही हललं नाही, म्हणून माणूस परत दाबतो. इसाराच्या बटणाला हे परवडत नाही, एकाच शेताच्या दोन मागण्या होऊन बसतात. दाबताक्षणी अक्षरं ‘पाठवतोय, थांबा’ अशी बदलायची आणि बटण बंद करायचं. नंतरच्या पानावर नुसतं ‘धन्यवाद’ नको. बटणावर जे काम लिहिलं होतं तेच तिथं पूर्ण झालेलं दिसलं पाहिजे: ‘₹५,२२६ इसार मिळाला. १७४२ रोपं तुमच्या नावावर राखली.’ बोलणीच्या बटणानंतर ‘तुमचा प्रश्न पोचला. रोपं अजून राखलेली नाहीत.’ टेम्पो घेऊन आलेल्या आप्पांना हे दुसरं वाक्य हवं होतं.

बटण नीट झालंय का, हे तपासायला मी पान दाखवत नाही. कागदावर फक्त बटणाची अक्षरं लिहितो, नर्सरीत आलेल्या एखाद्या काकांपुढे धरतो आणि विचारतो, “काका, हे दाबल्यावर काय होईल? पैसे जातील का?” ‘नोंदणी करा’ला तिघांनी तीन उत्तरं दिली होती. ‘₹५,२२६ इसार भरा’ला एकच आलं. हे नुसतं माझ्या समाधानासाठी नाही. ज्यांना दिसत नाही ते, फोन पडदा वाचून दाखवतो तो आवाज ऐकत बटणावरून बटणावर जातात, आणि त्यांना तेवढेच शब्द मिळतात, भोवतीचं पान मिळत नाही.

सगळ्यात उशिरा लक्षात आलं ते इसार मागे घेण्याचं पान. तिथे प्रश्न होता ‘मागणी रद्द करायची?’ आणि खाली दोन बटणं होती, ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द’. इथला ‘रद्द’ मागणीला लागू की प्रश्नाला? एका ताईंनी मागणी वाचवायला म्हणून ‘ठीक आहे’ दाबलं आणि राखलेली रोपं गेली. आता तिथे ‘मागणी रद्द करा’ आणि ‘मागणी राहू द्या’ अशी दोन बटणं आहेत, आणि पहिल्याच्या खाली इसारातले किती रुपये परत मिळतील तो आकडा.