हेज अकाउंटिंग: पात्रता, कागदपत्रे आणि फॉरवर्डचा तोटा विक्रीपर्यंत नेण्याची पद्धत

हेज अकाउंटिंग म्हणजे जोखमीपासून संरक्षण म्हणून केलेल्या कराराचा नफा-तोटा मूळ व्यवहाराबरोबरच दाखवण्याची पद्धत. त्यासाठी कुठल्याही कार्यालयात अर्ज करायचा नसतो. कंपनीने स्वतःच एक कागद तयार करायचा आणि ऑडिटर मागेल तेव्हा तो दाखवायचा, एवढीच प्रक्रिया. तरी नियम अर्जासारखेच कडक आहेत: पात्रता हवी, कागदपत्रे हवीत आणि मुख्य म्हणजे तारीख हवी. आयएफआरएस ९ या आंतरराष्ट्रीय लेखा मानकात मागच्या तारखेपासून हेज अकाउंटिंग लावण्याची सोय नाही.

मुळात याची गरज का पडते, ते एका व्यवहारावरून पाहू. एका कंपनीचा हिशेब युरोत आहे. फेब्रुवारीत ती १० लाख डॉलरची यंत्रे विकणार आहे आणि पैसे ३० एप्रिलला येणार आहेत. डॉलर पडण्याची भीती असल्यामुळे तिने १ ऑक्टोबरला बँकेशी फॉरवर्ड करार केला: ३० एप्रिलला १० लाख डॉलर प्रत्येकी ०.९२ युरोने विकायचे. म्हणजे काहीही झाले तरी हातात ९,२०,००० युरो. (आकडेमोड सोपी राहावी म्हणून दोन्ही चलनांचे व्याजदर सारखे धरू आणि भविष्यातली रक्कम आजच्या किमतीत आणण्याची पायरी सोडून देऊ.)

३१ डिसेंबरला वर्ष संपले तेव्हा दर ०.९५ झाला. कंपनी स्वस्तात डॉलर विकायला बांधलेली असल्याने फॉरवर्डवर ३०,००० युरोचा तोटा दिसतो. फॉरवर्डसारखे डेरिव्हेटिव्ह, म्हणजे ज्याचे मूल्य दुसऱ्या कशाच्या तरी दरावर ठरते असा करार, रास्त मूल्याने ताळेबंदात दाखवावेच लागते आणि वेगळे काही केले नाही, तर हा तोटा थेट नफा-तोटा पत्रकात जातो. ज्या विक्रीसाठी करार केला ती मात्र अजून पुस्तकात आलेलीच नाही. त्यामुळे या वर्षी ३०,००० युरोचा तोटा आणि पुढच्या वर्षी विक्री व फॉरवर्ड मिळून ९,५०,००० युरो असे चित्र दिसते. बेरीज ९,२०,००० च येते, फक्त वर्षे चुकतात. हेज अकाउंटिंग पैसे वाचवत नाही. ते फक्त फॉरवर्डचा तोटा विक्री होईपर्यंत थांबवून ठेवते.

पात्र कोण

डेरिव्हेटिव्ह बाहेरच्या पक्षाशी केलेले असावे लागते. समूहातल्या एका कंपनीने दुसरीशी केलेला फॉरवर्ड समूहाच्या एकत्रित हिशेबात चालत नाही. प्रीमियम घेऊन विकलेला ऑप्शनही साधारणपणे चालत नाही, कारण त्यात संरक्षण घेतलेले नसून दिलेले असते.

ज्याचे संरक्षण करायचे तो व्यवहार अजून झालेला नसेल, तर तो घडण्याची शक्यता फार मोठी असावी लागते. 'आम्हाला वाटते, विक्री होईल' एवढ्यावर ऑडिटर थांबत नाही. सही झालेली ऑर्डर, मागच्या काही वर्षांची त्याच महिन्याची विक्री आणि तेवढा माल बनवण्याची क्षमता, असे पुरावे तो मागतो.

परिणामकारकतेच्या अटी तीन आहेत. फॉरवर्ड आणि विक्री यांची किंमत एकाच कारणाने उलट दिशांना हलली पाहिजे, समोरच्या पक्षाची पत बिघडण्याचा परिणाम या हालचालीवर वरचढ होता कामा नये, आणि हिशेबात दाखवलेले फॉरवर्ड आणि विक्रीचे प्रमाण कंपनी प्रत्यक्षात राखते तेच असले पाहिजे. जुन्या आयएएस ३९ या मानकातली परिणामकारकतेची ८० ते १२५ टक्क्यांची चौकट आयएफआरएस ९ मध्ये नाही. मात्र मानकाने दिलेल्या सवलतीनुसार ज्यांनी हेजपुरते जुनेच नियम चालू ठेवले आहेत, त्यांना ती अजून लागू आहे.

कागदपत्रे

बँकेचे करारपत्र आणि विक्रीचे पुरावे सहसा हाताशी असतात. अडते ते नेमणुकीच्या कागदावर, म्हणजे हा फॉरवर्ड या विक्रीचे संरक्षण आहे असे ठरवणाऱ्या कागदावर. त्यात फॉरवर्डची ओळख, संरक्षित व्यवहार, नेमकी जोखीम, ती सांभाळण्यामागचे कंपनीचे धोरण, प्रमाण आणि परिणामकारकता तपासण्याची पद्धत लिहावी लागते. एका पानात हे सगळे मावते.

सगळ्यात जास्त काळजी संरक्षित व्यवहाराच्या वाक्याची घ्यावी. 'फेब्रुवारीतली काही विक्री' असे लिहिले तर नेमकी कोणती ते कधीच ठरवता येणार नाही. 'फेब्रुवारीतल्या डॉलर विक्रीपैकी पहिले १० लाख डॉलर' असे लिहिले तर प्रत्येक बिल आले की हिशेब लावता येतो. 'शेवटचे १० लाख' मात्र चालत नाही. एखादी विक्री शेवटची होती की नाही हे ती होत असताना कसे कळणार?

आता तारीख. समजा, फॉरवर्ड १ ऑक्टोबरला झाला आणि कागद १५ नोव्हेंबरला. त्या दिवशी दर ०.९३ असेल, तर तोवरचा १०,००० युरोचा तोटा नफा-तोटा पत्रकातच राहील आणि फक्त त्यापुढचा बदल थांबवता येईल. शिवाय नेमणुकीच्या दिवशी फॉरवर्डचे मूल्य शून्य नसल्यामुळे पुढे जुळणी थोडी थोडी चुकत राहते. हे टाळायला एक साधी शिस्त पुरते: सौदा करणाऱ्याने बँकेचा फोन ठेवला की त्याच दिवशी कागदावर सही व्हावी.

नोंदी कशा चालतात

कागद वेळेत झाला असे धरू. ३१ डिसेंबरचा ३०,००० युरोचा तोटा आता इतर सर्वसमावेशक उत्पन्नातून, म्हणजे नफा-तोट्याबाहेरच्या नोंदीतून, मालकांच्या भांडवलातल्या हेज राखीवेत जातो. नफा जसाच्या तसा राहतो.

२८ फेब्रुवारीला विक्री होते तेव्हा दर ०.९४ आहे. विक्री ९,४०,००० युरोने नोंदली जाते. फॉरवर्डचा तोटा आता २०,००० झाला आहे, म्हणून राखीवेतही उणे २०,००० उरले आहेत. हे २०,००० त्याच दिवशी राखीवेतून काढून विक्रीतून वजा केले की विक्री दिसते ९,२०,०००. ऑक्टोबरमध्ये ठरवलेला दर असा विक्रीच्या ओळीत येऊन बसतो.

यानंतर ग्राहकाकडून येणे असलेली रक्कम पुस्तकात आहे आणि चालू दराने तिचा फरक तसाही नफा-तोट्यात जातोच. म्हणून फॉरवर्डचा पुढचा फरकही तिथेच टाकतात. ३० एप्रिलला दर ०.९० झाला तर येणे रकमेवर ४०,००० चा तोटा होतो आणि फॉरवर्डवर ४०,००० चा फायदा. ग्राहकाकडून ९,००,००० आणि फॉरवर्डचे २०,००० मिळून हातात येतात ९,२०,०००.

एक मर्यादा लक्षात ठेवायची. फॉरवर्डचा बदल संरक्षित विक्रीच्या मूल्यातल्या बदलापेक्षा जास्त असेल, तर जास्तीचा भाग राखीवेत ठेवता येत नाही, तो लगेच नफा-तोट्यात दाखवायचा. उलट, फॉरवर्डचा बदल कमी पडला तर वेगळी काही नोंद होत नाही.

विक्री कमी झाली तर

समजा, ३१ डिसेंबरलाच कळले की ग्राहक ८ लाख डॉलरचीच यंत्रे घेणार. उरलेल्या २ लाखांच्या वाट्याचा तोटा ६,००० युरो. ती विक्री आता अपेक्षितच नसेल, तर हे ६,००० लगेच नफा-तोट्यात काढावे लागतात. ती फक्त लांबली असेल आणि होण्याची खात्री कमी झाली असली तरी अपेक्षा टिकून असेल, तर त्या भागाचे हेज अकाउंटिंग थांबते, पण साठलेला तोटा विक्री होईपर्यंत राखीवेतच राहतो. या दोहोंमधली रेषा कंपनीला सोयीची वाटेल तिथे ओढता येत नाही. हेज नकोसे झाले म्हणून स्वतःहून काढून घेण्याचीही मुभा नाही. आणि अंदाज वारंवार असे चुकले की पुढच्या कागदावर 'फार मोठी शक्यता' लिहिलेले पाहून ऑडिटर आधी मागच्या फायली मागवतो.